ताट कैद्याचं, घड्याळ तुरुंगाचं

कैद्यांच्या धार्मिक सोयींविषयी धोरण लिहायला बसलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो : तुरुंगात येऊन कसले आले धर्माचे लाड? तुरुंग-धोरणांवर काम करताना हा प्रश्न मला अधिकाऱ्यांनीही विचारला आहे आणि सामान्य माणसांनीही. राज्यघटनेचं २५वं कलम तुरुंगाच्या दारात गळून पडत नाही, हे त्याचं कायदेशीर उत्तर झालं. पण खरी अडचण पुढे येते. धर्माच्या नावाने तुरुंगात नेमकं काय मान्य करायचं आणि काय नाही?

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो स्वयंपाकावरून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल प्रांतात कैद्यांना रोजचे पैसे मिळत आणि ते आपापलं शिजवून खात. १८४०च्या दशकात सरकारने ते बंद करून सामाईक भटारखाने सुरू केले आणि बिहारमधल्या तुरुंगांत दंगे झाले. १८५५मध्ये पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, तेव्हा आरा आणि मुझफ्फरपूर इथे पुन्हा उठाव झाला. इंग्रज सरकारने यातून सोयीचा धडा घेतला : धर्म सांभाळायचा म्हणजे जात सांभाळायची. ही समजूत नियमपुस्तकांत मुरली. स्वातंत्र्यानंतरही पश्चिम बंगालच्या नियमांत ‘योग्य जातीच्या’ कैद्याने स्वयंपाक करावा असं लिहिलेलं होतं. इतर राज्यांच्या नियमांत सफाईचं काम जातीवरून ठरत होतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि राज्यांना नियमपुस्तकं तीन महिन्यांत सुधारायला सांगितली. मी या निकालातून धोरणासाठी एक सरळ रेघ काढते. ताटात काय आहे, हा कैद्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यावर त्याचा हक्क आहे. ते कुणाच्या हातचं आहे, यावर हक्क नाही. जैन कैद्याला कांदा-लसूण नको असेल तर ती मागणी मान्य व्हावी. अमुक जातीच्या माणसाने शिजवलेलं चालणार नाही, ही मागणी कितीही धार्मिक भाषेत आली तरी नाकारावी.

ही रेघ आखली तरी काम संपत नाही, कारण तुरुंगात पदार्थापेक्षा वेळ अवघड असते. संध्याकाळचं जेवण लवकर वाटून, गिनती घेऊन, अंधार पडायच्या आत बरॅकींना टाळं लागतं. ते सकाळीच उघडतं. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन कैद्याला हे घड्याळ आपोआप सोयीचं पडतं. रोजा धरणाऱ्याच्या ते नेमकं उलट जातं. सगळ्यांना एकच वेळापत्रक लावलं म्हणजे समान वागणूक झाली, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. समजा, फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्यातल्या तुरुंगात साठ जणांचा रोजा आहे. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, सहरी पावणेसहाच्या आत संपवावी लागते. जेवण पाच वाजता वाटलं तर रोजा सुटेपर्यंत ते दीड तास पडून राहणार. त्यामुळे पोळ्या, सुकी भाजी, खजूर आणि फळं झाकणाच्या डब्यात द्यावीत. रमजान कडक उन्हाळ्यात आला तर पातळ डाळ टिकत नाही. सहरी चार-साडेचारपर्यंत बरॅकीत पोचायची तर चुली पहाटे अडीच-तीनला पेटायला हव्यात. पण स्वयंपाक करणारेही कैदीच, तेही टाळ्याआड. त्यांना महिनाभर भटारखान्यालगतच्या बरॅकीत ठेवलं आणि त्यांना बाहेर काढायचा लेखी आदेश आधीच निघाला, तर रोज रात्री कुणाच्या मर्जीवर काही राहत नाही. दुपारचा शिधा सहरीकडे वळवायचा. वजन तेच, वेळ वेगळी. त्यामुळे इतरांपेक्षा जास्त मिळतं, ही तक्रारही उरत नाही. मधुमेह असलेल्यांची यादी डॉक्टरांनी आधी पाहावी आणि औषधांच्या वेळा बदलून द्याव्यात.

एवढं करूनही तीन ठिकाणी माणसं सुटतात. महिन्याच्या मध्येच दाखल झालेला कच्चा कैदी यादीत नसतो. कोर्टाच्या तारखेला गेलेला कैदी रात्री आठला परततो, तेव्हा वाटप होऊन गेलेलं असतं आणि दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला सकाळपर्यंत काही मिळत नाही. आणि ज्याने प्रकृतीमुळे रोजा मध्येच सोडला, त्याचं दुपारचं जेवण कागदावर बंदच राहतं. म्हणून यादी रोज बदलता यायला हवी आणि ती कैद्याने स्वतः सांगितल्यावरच व्हावी. नावावरून कारकुनाने ठरवू नये, बरॅकीतल्या दादानेही नाही. सोय खरी आहे की कागदावरची, हे तपासायचं असेल तर दहाव्या रोज्याला भटारखान्याची वही आणि कोर्टात नेलेल्यांची वही शेजारी ठेवून वाचावी. परतलेल्यांचे डबे राखून ठेवल्याची नोंद नसेल, तर व्यवस्था चालत नाही. एकादशीला, श्रावणी सोमवारला आणि नवरात्रालाही हीच पद्धत लावता येते.

जागेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, पण चुकतो तो बरॅकीत. निजायच्या खोलीत बहुसंख्यांचं देवस्थान उभं राहिलं की तिथे झोपणाऱ्या बाकीच्यांना ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही. प्रार्थनेसाठी वेगळी खोली असावी, भिंती मोकळ्या असाव्यात, मूर्ती-ग्रंथ कपाटात राहावेत आणि वारांप्रमाणे वेळापत्रक दाराबाहेर लावलेलं असावं. स्वतःजवळचा लहान ग्रंथ, माळ किंवा तसबीर कैद्याकडे राहू द्यावी.

आपल्याकडे सर्वांत रिकामी जागा आहे ती धर्मगुरूंची. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२च्या तुरुंग कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगात चर्च ऑफ इंग्लंडचा चॅप्लिन असावाच लागतो. आता त्याच्या जोडीला इमाम, हिंदू, शीख, बौद्ध असे चॅप्लिनही काम करतात. नवा कैदी आला की चॅप्लिनच्या चमूतलं कुणीतरी त्याला भेटतं. एकांत कोठडीतल्या कैद्यांकडे रोज फेरी असते. घरी कुणी गेलं तर ती बातमी बहुधा चॅप्लिनच सांगतो. आपल्याकडे असं पद नाही. बाहेरच्या संस्था परवानगी घेऊन येतात, बहुतेकदा सणाला. ज्याची आई गेल्याचं त्याला मुलाखतीच्या जाळीपलीकडून कळतं, त्याच्याजवळ त्या रात्री बसायला कुणी नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत, ६५व्या नियमात, दोन गोष्टी एकत्र आहेत : कैद्याला धर्मगुरू भेटू द्यावा, आणि त्याला तो नको असेल तर त्याच्या नकाराचा मान ठेवावा. आपण धर्मवार पगारी पदं निर्माण करावीत असं मला वाटत नाही. त्यातून नेमणुकांचं राजकारण सुरू होईल आणि ज्या धर्माचे चारच कैदी आहेत तो मागे पडेल. त्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात पडताळणी झालेल्या धर्मगुरूंची आणि निधर्मी समुपदेशकांची यादी असावी. कैद्याने मागितल्यावर ठरावीक दिवसांत भेट व्हावी. भेट शिपायाच्या नजरेच्या टप्प्यात, पण कानाच्या टप्प्याबाहेर असावी. धर्मांतराचा प्रचार बंद, आणि भेटीतलं बोलणं फर्लो-पॅरोलच्या अहवालात वापरायला सक्त मनाई. ही शेवटची अट नसेल तर धर्मगुरू हा तुरुंगाचा खबऱ्या ठरतो आणि भक्ती हे सुटकेचं साधन होतं.

सुधारित नियमपुस्तकांतून जातीचे शब्द खोडणं अत्यावश्यक आहेच. पण त्या जागी कैद्याची स्वतःची नोंद, राखून ठेवलेला डबा आणि मागितल्यावर मिळणारी भेट यांचे नियम लिहिले गेले नाहीत, तर श्रद्धेची सोय पुन्हा अधीक्षकाच्या स्वभावावर सोपवली जाईल. मेहेरबानीने मिळालेली सोय अधीक्षकाची बदली झाली की संपते. नियमाने मिळालेली सोय कैद्याला कोर्टात मागता येते.