‘मदत पाहिजे होती’ एवढंच कुणी म्हणालं तर…

“दादा, जरा मदत पाहिजे होती.” वस्तीत चार कामं करणाऱ्या माणसाच्या कानावर हे वाक्य नेहमी पडतं. मी दिवसभर ऑफिसात फायली हाताळतो आणि संध्याकाळी विहारात बसतो, तिथं हे वाक्य घेऊन कुणी ना कुणी येतंच. आता फोनवर लिहूनही येतं. पण मदत कशाची, ते पुढं नसतं.

आपण सहज म्हणतो, “बोला ना, काय पाहिजे?” बोलणं प्रेमाचं असतं, पण समोरचा माणूस गप्प होतो. “काही नाही, नंतर सांगते,” म्हणून निघून जातो. कारण कधी शेजारी सासू किंवा नवरा उभा असतो. कधी पैशाची गोष्ट असते आणि लाज वाटते. आणि पुष्कळदा आपल्याला नेमकं काय पाहिजे, त्या कागदाला काय म्हणतात, हेच त्या माणसाला ठाऊक नसतं. अशा माणसाला मोकळा प्रश्न विचारला की सगळं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर बसतं.

म्हणून मी आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असं विचारतो. “आत्ता कुणाला मारहाण, दुखापत, जिवाची भीती आहे का? आणि आत्ता मोकळं बोलता येईल का?” पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर बाकीची चौकशी बाजूला. तेव्हा ११२ हा नंबर, आणि बाईमाणसाला त्रास असेल तर १८१ सुद्धा. मोकळं बोलता येत नसेल तर कुठं आणि किती वाजता भेटायचं एवढंच ठरवायचं. तिच्या फोनवर लांबलचक काही लिहून पाठवायचं नाही, तो फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो.

भीतीची गोष्ट नसेल तर पुढचे दोन प्रश्न. “काही कागद आला आहे का? आणि शेवटची तारीख कोणती?” ‘का’ असं मी विचारत नाही. ‘का’ म्हटलं की माणूस सफाई देऊ लागतो. कागद आणि तारीख विचारली की तो पिशवीत हात घालतो.

एका ताईंचं उदाहरण सांगतो. रात्री निरोप आला, “जयभीम दादा, मदत पाहिजे.” मी वरचे प्रश्न विचारले. धोका नव्हता. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं होतं, तारखेला तीन आठवडे होते. मग त्या हळूच म्हणाल्या, “पाच हजार मिळतील का उसने?” इथंच होकार किंवा नकार दिला असता तर बोलणं संपलं असतं. मी विचारलं, “पैसे कुणाला द्यायचे आहेत?” तेव्हा कळलं, एक एजंट जात पडताळणी करून देतो म्हणून पैसे मागत होता. म्हणजे पाहिजे होतं ते वैधता प्रमाणपत्र.

मग पुढचा प्रश्न सोपा होता. “तुमच्या सासरच्या घरात, मुलाच्या वडिलांकडच्या रक्तनात्यात, कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का?” सख्ख्या दिराची नोकरीच्या वेळी झाली होती. असं प्रमाणपत्र मोठा पुरावा असतो. त्याला जोड म्हणून मुलाच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा गावच्या शाळेतून आणायला सांगितला. आजोबा शाळेतच गेले नसते तर तहसीलमधल्या जुन्या कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधावी लागली असती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून जुन्या नोंदीला एवढी किंमत. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र दिराच्या कागदांवरून लिहिता आलं. पाच हजारांची गरज उरली नाही आणि अर्ज वेळेत गेला.

“होऊन जाईल” असं मात्र मी ताईंना म्हटलं नाही. निर्णय समितीचा असतो. मी एवढंच म्हणालो, “म्हणजे तुम्हाला पैसे नकोत, कागद पाहिजेत आणि अर्ज भरायला सोबत पाहिजे. बरोबर?” समोरच्याचं म्हणणं असं आपल्या तोंडून परत सांगावं. चुकलं असेल तर तो तिथंच सुधारतो. मग मी काय करणार, ते काय करणार, कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून देतो.

एक सावधगिरी. ओळखीच्या नंबरावरून “मदत पाहिजे” असं येऊन लगेच पैशाची मागणी झाली, तर आधी फोन लावून आवाज ऐकावा. फोन उचलत नसेल तर त्यांच्या घरच्यांना विचारावं. नुसत्या लिहिलेल्या निरोपावर पैसे पाठवू नयेत.