गोष्टीच्या आधीचा कागद

सगळ्यांनी मिळून एकच लांबलचक गोष्ट लिहायची, हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. आज एकाने दोन पाने लिहायची, उद्या दुसऱ्याने पुढची दोन. पहिला आठवडा मोठा मजेत जातो. मग गोष्ट कुठेतरी अडते आणि वही कपाटात जाऊन पडते. आमच्या शाळेच्या कपाटातही अशी एक वही आहे. मी या शाळेत येण्यापूर्वीच्या कुठल्याशा वर्गाने लिहिलेली. सतराव्या पानावर ती थांबली आहे.

ती वही मी माझ्या चौथीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या पानावर 'मी आणि दादा डोंगरावर गेलो' अशी सुरुवात. चौथ्या पानावर हा 'मी' नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कुणी राजू आला. सहाव्या पानावर दादा दरीत पडून मेला आणि नवव्या पानावर घरात चहा पीत बसला! बाराव्या पानावर एक राक्षस होता. त्याचे नाव ऐकताच मागची मुले खुसूखुसू हसू लागली, कारण गावातल्या एका पायाने अधू माणसाला त्याच नावाने चिडवतात. आणि सतराव्या पानावर शेवटचे वाक्य : 'तेवढ्यात राजू जागा झाला.' म्हणजे सगळे स्वप्नच!

"बाई, ह्यांनी एकमेकांचं वाचलंच नाही," एक मुलगी म्हणाली.

वाचले असेल हो. पण आधी काही ठरवले नव्हते. वर्तमानपत्राच्या कचेरीत पुष्कळ माणसे लिहितात, म्हणून कुठला शब्द कसा लिहायचा याचे नियम तिथे ठरवून ठेवलेले असतात. आम्हीही गोष्टीला हात घालण्यापूर्वी तसा एक कागद करायचे ठरवले. तो वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, म्हणजे त्याहून मोठा व्हायला नको.

गोष्टीचा विषय मुलांनी लगेच काढला. आमच्या गावात संध्याकाळी एस. टी.ची मुक्कामी गाडी येते, रात्रभर थांबते आणि सकाळी परत जाते. त्या गाडीच्या मागच्या सीटखाली कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी सापडते. सापडते कुणाला? तर गोदीला. वय दहा वर्षे. तिची आई स्टँडवर चहाची टपरी चालवते. गाडीच्या वेळा, माणसांची नावे आणि वये आम्ही कागदाच्या तळाशी लिहून टाकली. ते काम दहा मिनिटांचे.

वेळ लागला तो पुढच्या प्रश्नाला. गोष्ट सांगणार कोण? बहुतेकांना 'मी' हवा होता. गोदीच सांगेल, 'मी गाडीत चढले.' पण मग वर्गातल्या बारा मुलग्यांनीही 'मी चढले, मी पळाले' असेच लिहायला हवे. मुलगे लाजून लाल! त्यात आमचा भाग कोल्हापूरचा. इथे मुलीसुद्धा बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. एका पानावर गोदी 'चढले' म्हणणार, दुसऱ्यावर 'चढलो', आणि वाचणाऱ्याला वाटणार की दोन वेगळी माणसे बोलताहेत. मराठीत 'मी' म्हटले की क्रियापद पुष्कळदा लगेच सांगते, बोलणारा मुलगा की मुलगी. इतक्या हातांनी लिहायच्या गोष्टीत तिथे हटकून घोटाळा होतो.

म्हणून 'गोदी चढली' असे लिहायचे ठरले. पण त्यातही एक फट आहे बरं का. 'ती' म्हणून गोष्ट सांगायला लागलो, की आपण कुणाच्याही मनात शिरू लागतो. एक पान गोदीच्या मनातले, दुसरे कंडक्टरच्या, तिसरे चोराच्या. मग पेटीत काय आहे हे तिसऱ्याच पानाला फुटते आणि कोडे संपते. तेव्हा आम्ही लिहिले : 'आपण गोदीच्या खांद्यावर बसलो आहोत. तिला दिसेल, ऐकू येईल, वाटेल तेवढेच लिहायचे.'

याचा सराव फळ्यावर केला. 'ड्रायव्हरकाकांना मनातून भीती वाटली.' हे चालणार नाही, कारण गोदीला ते कसे कळले? मग काय लिहायचे? मुलांनी बऱ्याच खटपटीनंतर असे केले : 'ड्रायव्हरकाका एकदम गप्प झाले. हातातला चहा तसाच ठेवून ते गाडीकडे बघू लागले.' भीती हा शब्द गेला, पण भीती राहिलीच.

दुसरी गोष्ट काळाची. आम्ही भूतकाळ घेतला : चढली, बसली, म्हणाली. रोजच्या सवयीचे असेल तर 'गाडी साडेसातला यायची.' पण तोंडी गोष्ट सांगताना आपण सगळेच वर्तमानात घसरतो. 'मग ती जाते, आणि काय बघते...' लिहितानाही तेच होते आणि लिहिणाऱ्याला ते जाणवत नाही. ते पकडायची एक सोपी युक्ती आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. तेव्हा पुढची पाळी ज्याची असेल त्याने आधीच्या पानांतल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि नुसते तेवढेच शब्द वाचायचे. एका पानावर ते असे निघाले : चढली, वाकली, दिसली, येते, उतरली. 'येते' कसे खड्यासारखे लागले बघा! वाक्य होते, 'तिला रडू येते.' तिथे 'आले' केले. मात्र 'गोदी बघते तर काय, पेटी नाही!' हे आम्ही राहू दिले. भूतकाळाच्या गोष्टीतही आपण तसेच म्हणतो. माणसे बोलतात त्या वाक्यांनाही ही रेघ लागू नाही. तिथे गोदीची आई खुशाल म्हणेल, "कुठं गेलतीस गं?" बोलणे आपल्या गावचे आणि निवेदन पुस्तकातले. निवेदनात 'केले', बोलण्यात 'केलं'.

मग आले 'हे करायचे नाही'. प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहिली. भूत नको, मारामारी नको, परीक्षा नको (ही चिठ्ठी दोघांची), पाल नको, दारू नको. सगळे मान्य केले असते तर गोदीला घरात बसून राहावे लागले असते. मनाई जेवढी थोडी, तेवढी ती पाळली जाते. शेवटी चार राहिल्या. 'ते स्वप्न होते' असे म्हणायचे नाही. वर्गाला विचारल्याशिवाय कुणाला मारायचे नाही, की कायमचे गावाबाहेर पाठवायचे नाही. वर्गातल्या वा गावातल्या खऱ्या माणसाचे नाव, चिडवायचे नाव घालायचे नाही, आणि कुणाचे शरीर, बोलणे, जात यांवर हसवायचे नाही.

चौथी मनाई मी सुचवली, पण ती माझी नव्हे. 1931 साली इंग्लंडमधल्या डिटेक्शन क्लबच्या लेखकांनी मिळून 'द फ्लोटिंग ॲडमिरल' नावाची एक रहस्यकादंबरी लिहिली. त्यांत ॲगाथा ख्रिस्तीबाई होत्या, डोरोथी सेयर्स होत्या. पुढच्या लेखकाला नुसते अडचणीत आणण्यासाठी कुणी नवा गुंता घालायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. आपल्या मनात उत्तर तयार ठेवूनच लिहायचे आणि ते उत्तर प्रकरणाबरोबर लिहून द्यायचे. ही उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलीही आहेत. आमच्याकडेही प्रत्येकाने आपल्या दोन पानांबरोबर घडी घातलेली एक चिठ्ठी माझ्याकडे द्यायची, असे ठरले. सगळ्या चिठ्ठ्या गोष्ट संपल्यावर उघडायच्या.

'दारू नको' या चिठ्ठीवरून मात्र वेगळेच घडले. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी ते लिहिणार, इतक्यात एका मुलीने विचारले, "बाई, गोदीचे वडील पीत असले तर? तसं लिहायचंच नाही?"

वर्ग गप्प झाला. तिने हे का विचारले ते मी विचारले नाही. पालकांनो, तुम्हीही विचारू नये असे मला वाटते. एक मुलगा म्हणाला, "लिहिलं की सगळी हसत्यात." खरे होते. शाळेच्या संमेलनात दारुड्याची नक्कल केली की हमखास टाळ्या पडतात. म्हणजे नको होते ते हसणे. दारूचा उल्लेख नव्हे. एखादा विषयच बंद केला, तर ज्याच्या घरात तो आहे त्याला त्या वहीत जागाच राहत नाही. म्हणून नवी ओळ न घालता आम्ही तिसऱ्या मनाईतच शब्द वाढवले : 'शरीर, बोलणे, जात, दारू यांवर हसवायचे नाही.' लिहायला हरकत नाही.

त्या मुलीची पाळी तेराव्या पानाला आली. तिने लिहिले की गोदी रात्री अंथरुणात पडून कडीचा आवाज ऐकत होती. कडी एकदाच वाजली तर बाबा ठीक असायचे. त्या रात्री ती तीनदा वाजली. एवढेच. कुणी हसले नाही. पुढच्या मुलाने पंधराव्या पानावर गोदीला सकाळी लवकर उठवले आणि आईबरोबर टपरीवर पाठवले.

कागदाची खरी परीक्षा एकतिसाव्या पानावर झाली. पाळी होती एका चळवळ्या मुलाची. पेटी रात्री चोरीला जायला हवी होती. त्याने झकास लिहिले : मध्यरात्र, टॉर्चचा उजेड, गाडीत शिरणारा माणूस. वाचताना कुणीतरी विचारले, "आणि गोदी कुठाय?"

गोदी घरी झोपलेली!

"मग पेटी जाणार कशी?" तो रडकुंडीला आला. काहींनी सुचवले, एका पानापुरता नियम सोडू या. पण कागदावर शेवटी लिहिले होते की नियम सगळ्यांनी मिळून बदलता येईल. मात्र मग तो सगळ्या गोष्टीला लागू होईल, आणि मागची पानेही त्याप्रमाणे पुन्हा तपासावी लागतील. तीस पाने तपासायला कुणी तयार होईना. त्याने वही दोन दिवस घरी नेली.

तिसऱ्या दिवशी त्याने वाचून दाखवले. पहाटे गोदी चहाची किटली घेऊन गाडीत चढली. मागच्या सीटखाली वाकली. तिथे धुळीत पेटीएवढा स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. दाराच्या पायरीवर लाल चिखल होता. पाऊस तर पडलाच नव्हता. लाल चिखल गावात एकाच ठिकाणी असायचा, वीटभट्टीवर.

टॉर्चवाला माणूस कुणालाच आठवला नाही. पेटी कुणी नेली ते त्याच्या चिठ्ठीत लिहिलेले आहे. चिठ्ठी माझ्या खणात आहे. पुढची पाळी जिची आहे तिने मला दोनदा विचारले. मी सांगितले नाही.