उपेक्षित सात

टेबलावर चार कार्डं आहेत: ए, के, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम खरा आहे की खोटा हे तपासायला नेमकी कोणती कार्डं उलटायची? लंडनचे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये हे कोडं प्रसिद्ध केलं. यातला सात मला फार जवळचा वाटतो, कारण त्याच्याकडे कुणी वळूनच बघत नाही.

ए जवळपास सगळे उचलतात. पुष्कळ जण सोबत ४ उचलतात, पण चारामागे व्यंजन निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही. साताच्या पाठीवर मात्र स्वर निघाला, तर नियम तिथेच कोसळतो. ए आणि ७ हे बरोबर उत्तर साधारणपणे दहांत एकालाही देता येत नाही.

साताचा दोष एवढाच, की नियमात त्याचा उल्लेख नाही. जोनाथन इव्हान्स यांनी दाखवून दिलं, की लोक नियमात जे ऐकतात तेच उचलतात. ‘ए असेल तर मागे ४ नसावा’ असा नियम केला, तर लोक पुन्हा ए आणि ४ हीच कार्डं निवडतात. या वेळी ते उत्तर बरोबर असतं, पण विचाराने आलेलं नसतं.

१९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लॉरिडातल्या विद्यार्थ्यांपुढे याच साताला माणूस करून उभं केलं. तुम्ही ड्यूटीवरचे पोलीस आहात. बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर हवं. कार्डं चार: बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थ्यांनी बिअर आणि १६ अचूक धरले. सोळा वर्षांचा पोरगा म्हणजे तोच सात. नियमात त्याचंही वय आलेलं नाही, तरी त्याच्या हातातला ग्लास बघावासा वाटतोच.

ही किमया ओळखीच्या बिअरची म्हणावी, तर पोलिसाची गोष्ट काढून टाकल्यावर तेच वय आणि तीच बिअर असूनही उत्तरं बरीच घसरतात. नियम खरा की खोटा हे ठरवणं वेगळं, आणि तो कोण मोडतंय हे पाहणं वेगळं. दुसऱ्या कामात आपलं डोकं चटकन चालतं. लिडा कॉस्मिडीस यांच्या मते उत्क्रांतीने आपल्याला फसवणारा हुडकायची खास नजर दिली आहे. मला हे अपुरं वाटतं. ‘सांडलेलं रक्त पुसायचं तर रबरी हातमोजे घाला’ या नियमात कुणी कुणाला फसवत नाही. तरीही तिथे उघड्या हातांचं कार्ड लोक बरोबर उलटतात.