सुमनताईंच्या वडिलांचे नाव

माझे माहेर हैदराबादचे. शाळेत उर्दू होतीच, पुढे हौसेने अरबीही शिकले. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा वाटले, आता या अरबीचा उपयोग काय? पण आपल्या भागातली कितीतरी मुले आखातात नोकरीला आहेत. त्यांचे कागद यायला लागले आणि "अरबीवाल्या काकू" अशी माझी ओळख गल्लीत पक्की झाली. एक गोष्ट आधीच सांगते. तिकडच्या कचेरीत चालणारा शिक्का मारण्याचा अधिकार मला नाही. तो तिथल्या परवानाधारक अनुवादकाचा. मी कच्चा तर्जुमा करून देते, किंवा तिकडून आलेला तर्जुमा तपासून देते.

गेल्या वर्षी उद्यमबागेत काम करणारा एक मुलगा असाच आला. खानापूर तालुक्यातला. त्याचे वडील आखातात एका कंपनीत फिटर होते, ते तिकडेच वारले. त्यांची नोकरीअखेरची रक्कम आईला मिळायची होती, पण फाईल परत आली होती. नावे बदलून सांगते : वडील मारुती पाटील, आई सुमन मारुती पाटील.

"काकू, ते म्हणतात आईचे कागद जुळत नाहीत. आधार तर बरोबरच आहे की!"

आधार बरोबरच होते. घोटाळा तिकडच्या तर्जुम्यात होता. आईच्या आधारकार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो मुलाने तिकडच्या एका कचेरीला पाठवला होता आणि त्यांनी आपल्या ठरलेल्या नमुन्यात त्याच्या ओळी भरल्या होत्या. मी वाचायला घेतले. लिंग : स्त्री. वैवाहिक स्थिती : विवाहित पुरुष. वडिलांचे नाव : मारुती.

म्हणजे सुमनताई आपल्याच नवऱ्याची मुलगी झाल्या होत्या! त्याच फाईलमध्ये मारुतींचा पासपोर्ट होता आणि त्याच्या शेवटच्या पानावर पत्नीचे नाव सुमन असे स्वच्छ छापलेले. एका कागदावर बायको, दुसऱ्यावर मुलगी. वारसांच्या यादीत या दोन जागा एक नव्हेत. फाईल परत येणारच.

हे कसे झाले असेल ते फोटो पाहिल्यावर उलगडले. त्या आधारवर वडिलांच्या नावाची वेगळी ओळ नव्हतीच. मागच्या बाजूला पत्त्याच्या सुरुवातीला इंग्रजीत दोन अक्षरे आणि एक नाव असते. डब्ल्यू-ओ म्हणजे अमक्याची पत्नी, डी-ओ म्हणजे मुलगी, एस-ओ म्हणजे मुलगा. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली फ्लॅश लावून काढलेला. लॅमिनेशनवर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका त्या पहिल्या अक्षरावर पडला होता. दिसत होते ते फक्त तिरकी रेघ, ओ आणि मारुती. त्यात बाईंच्या नावातही मधे मारुती. अरबाच्या दृष्टीने मग शंकेला जागाच राहत नाही.

कारण अरबी नावाची साखळीच तशी असते. पहिले स्वतःचे नाव, दुसरे बापाचे, तिसरे आजोबांचे, शेवटी घराण्याचे. बाई असो की बुवा, दुसऱ्या जागी बापच. लग्न झाले म्हणून अरब बाईचे नाव बदलत नाही, ती मरेपर्यंत बापाचीच लेक म्हणून लिहिली जाते. आपल्याकडे मधले नाव लग्नादिवशी बदलते. मला याचा धडा फार पूर्वी मिळाला होता. लग्नानंतर एकदा हैदराबादेत माझ्या अरबीच्या सरांना भेटायला गेले. माझ्या नव्या पिशवीवरचे नाव त्यांनी वाचले आणि मिश्कीलपणे विचारले, "बेटा, वालिद बदल गए क्या?" तेव्हा हसू आले होते. सुमनताईंच्या फाईलवर तोच विनोद लाखमोलाचा झाला होता.

मुलाला म्हटले, उद्या सकाळी दारात उजेडात कार्ड सपाट ठेव, फ्लॅश बंद कर, दोन्ही बाजूंचे चारही कोपरे दिसतील असा फोटो काढ. आला फोटो. डब्ल्यू-ओ. अंदाजाने काम करण्यापेक्षा एक दिवस थांबलेले बरे. जे अक्षर दिसत नाही, तिथे "अस्पष्ट" असे कंसात लिहायचे. नमुन्यातली रकाना रिकामी दिसते म्हणून भरून टाकायची नाही.

मग एकेक ओळ नव्याने लिहायला बसलो.

लिंगाच्या ओळीला अरबीत 'जिन्स' म्हणतात. हो, आपल्या किराणा दुकानातला जिन्नस तो हाच. त्याला शेपूट लागून 'जिन्सिय्या' झाले की अर्थ होतो राष्ट्रीयत्व. घाईत टंकणारे लोक या दोहोंत गल्लत करतात आणि 'राष्ट्रीयत्व : स्त्री' असे कागद मी पाहिले आहेत. स्त्रीसाठी शब्द 'उन्सा', पुरुषासाठी 'ज़कर'. शब्दकोश उघडून बसणारा कधी 'मुअन्नस' लिहितो. ते व्याकरणातले स्त्रीलिंग झाले, शब्दांचे. माणसाच्या ओळखपत्रावर ते शोभत नाही.

वैवाहिक स्थितीची गंमत वेगळी. इंग्रजीत 'मॅरिड' हा शब्द नवऱ्यालाही चालतो आणि बायकोलाही. अरबीत पुरुष 'मुतज़व्विज' आणि स्त्री 'मुतज़व्विजा'. लिहिताना फरक केवळ शेवटच्या एका अक्षराचा, दोन ठिपके असलेल्या गोल 'ता'चा. आधीच्या तर्जुम्यात तो नव्हता. बहुधा एखाद्या पुरुषाचा जुना कागद समोर ठेवून त्यातच नाव बदलले असावे. वरच्या ओळीत उन्सा आणि खाली मुतज़व्विज, हे अरबी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच खुपते. आपल्याला "सौ. सुमन विवाहित झाला" असे वाचल्यावर खुपेल तसेच. मग तो बाकीच्या कागदाकडेही संशयाने बघतो.

मुलाला वाटले, गोल ता लावला की झाले. मी म्हटले, नाही रे बाबा. आधारवर वैवाहिक स्थितीची ओळ आहे कुठे? डब्ल्यू-ओवरून कार्ड काढताना नवरा होता एवढे कळते, आज काय ते कळत नाही.

"मग विधवा लिहा. मृत्यूचा दाखला आहे की."

'अरमला' हा विधवेसाठीचा शब्द मला ठाऊक होता. बाई समोर बसल्या असत्या तर कपाळ पाहूनही कळले असते. पण मी आधारकार्डाचा तर्जुमा करत होते, सुमनताईंच्या आयुष्याचा नव्हे. जे कार्डावर नाही ते तर्जुम्यात आले, की तो तर्जुमा राहत नाही. विधवा असल्याचे मृत्यूचा दाखला सांगेल, त्याचा तर्जुमा शेजारी जोडलेला असेल. आधाराच्या कागदावर त्या रकान्यात मी लिहिले 'ग़ैर मज़्कूर'. मजकूर नाही! शब्द आपलाच वाटतो की नाही?

आता वडिलांचे नाव. आधारावर ते नाही, म्हणून तिथेही ग़ैर मज़्कूर. मारुतींचे नाव पत्त्याच्या ओळीत, आधी 'ज़ौजा' म्हणजे पत्नी हा शब्द लावून. डी-ओ असते तर 'बिन्त' लागले असते आणि मुलाच्या कार्डावर एस-ओसाठी 'इब्न'. हल्ली पुष्कळ कार्डांवर सी-ओ असते, म्हणजे नुसते 'मार्फत'. त्यातून बाप, नवरा, भाऊ, काहीच ठरत नाही, आणि ठरवूही नये.

पण तिकडे वडिलांचे नाव हवेच होते. ते मिळाले पॅनकार्डावर. नवऱ्याचे पैसे येत म्हणून सुमनताईंनी बँकेसाठी पॅन काढले होते. पॅनवर लग्न झालेल्या बाईच्याही वडिलांचेच नाव छापतात, नवऱ्याचे नाही. तिथे होते परशराम देसाई. पॅनचा वेगळा तर्जुमा केला आणि दोन्ही कागदांखाली कंसात 'अनुवादकाची टीप' म्हणून दोन ओळी लिहिल्या : या समाजात विवाहित स्त्रीच्या नावातला दुसरा शब्द पतीचे नाव असतो, वडिलांचे नव्हे. सुमन मारुती पाटील हा क्रम मात्र मी बदलला नाही. कार्डावर जसे नाव, तसेच अरबीत. समजून सांगण्याची जागा टीप.

राहता राहिले पाटील. अरबीत प नाही, ट नाही. प चा ब होतो, ट चा त. उर्दूच्या सवयीने मी पहिल्यांदा तीन ठिपक्यांचा पे लिहून बसले होते, तो खोडला. त चेही अरबीत दोन प्रकार, पातळ आणि जाड. जाड त घेतला आणि मधली दीर्घ ई गाळली तर शब्द होतो 'बातिल'. तोच तो आपल्या रद्दबातलमधला बातल. नवऱ्याच्या हक्काचे पैसे मागणाऱ्या बाईच्या नावापुढे रद्द! म्हणून मी मुलाकडून मारुतींच्या तिकडच्या रहिवासी कार्डाचा फोटो मागवला. त्यावर सरकारनेच अरबीत नाव छापलेले असते. पातळ त आणि दीर्घ ई होती, तीच उचलली. ते स्पेलिंग मला पटले नसते तरी तेच घेतले असते. नवऱ्याचे आणि बायकोचे आडनाव अक्षराला अक्षर जुळायला हवे.

हे सगळे त्या मुलाने तिकडच्या परवानाधारक अनुवादकाला पाठवले. त्याने दोन शब्द बदलले, टीप ठेवली आणि शिक्का मारला. फाईल पुढे सरकली. पैसे यायला आणखी काही महिने गेले, ते दुसऱ्याच कारणांनी.

दिवाळीनंतर सुमनताई स्वतः आल्या, कुंद्याचा डबा घेऊन. पैशांबद्दल फारसे बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या बाबांचं नाव त्या भाषेत कसं दिसतं, ते दाखवा की जरा."

मी पॅनच्या तर्जुम्याची प्रत काढली. त्यांनी बोट डावीकडे ठेवले, मी ते धरून उजवीकडे नेले आणि एकेक अक्षर वाचून दाखवले.

"बरशराम?" त्या हसायला लागल्या. "बाबा असते तर भांडायला आले असते तुमच्याशी."

मग चष्मा सारखा करून त्यांनी पुन्हा उजवीकडून बोट फिरवले, आणि या वेळी स्वतःच वाचले.