हप्ते मागायला जाताना

माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा बी.एस्सी.ला आहे. जूनमध्ये वडिलांचा कारखाना बंद पडला, घर आईच्या पगारावर आलं. फी १८,००० रुपये. ती म्हणाली, “बाई, ऑफिसात याल का माझ्यासोबत?”

क्लार्कनी उत्पन्नाचा दाखला पाहिला. “यात तर उत्पन्न चांगलं दिसतंय की!” त्यांचंही चूक नव्हतं. तहसीलचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा. यंदा गेलेलं काम त्यात दिसणार कसं? दुसऱ्या दिवशी आम्ही काम बंद झाल्याचं मालकाचं पत्र आणि वडिलांच्या पासबुकाची झेरॉक्स जोडली.

अर्जात नुसतं ‘हप्ते करून द्यावेत’ असं लिहू नका, आकडे लिहा. आम्ही लिहिलं: आता ६,०००, पुढे चार महिने दर १० तारखेला ३,०००. आईचा पगार ७ तारखेला होतो, म्हणून १०. पाळता येईल तीच तारीख द्यावी.

परीक्षेचा फॉर्म मात्र शेवटच्या हप्त्याआधीच भरायचा होता. म्हणून ‘हप्ते वेळेवर भरल्यास परीक्षा फॉर्म अडवू नये’ ही ओळ अर्जातच घातली. प्राचार्यांनी मंजुरीची सही केल्यावर त्याची झेरॉक्स काढून घेतली.

ऑक्टोबरात खिडकीवर नवे क्लार्क आले. “बाकी आहे, फॉर्म घेता येणार नाही,” म्हणाले. पोरीने ती झेरॉक्स आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या पुढे ठेवल्या. फॉर्म घेतला गेला. त्या दिवशी मी सोबत नव्हते, आणि लागलेही नाही.