जागल्याची चिठ्ठी

निवृत्तीनंतर मी एका शिक्षणसंस्थेच्या समितीवर आहे. तीन शाळा आणि मुलींची दोन वसतिगृहं. मागच्या महिन्यात सचिव म्हणाले, "बाई, तुमचं मराठी चांगलं. कर्मचाऱ्यांना गैरप्रकार कळवता यावेत म्हणून एक धोरण लिहून द्या." त्यांना वाटलं असावं, एक पानभर मजकूर आणि भिंतीवर एक पेटी, झालं काम!

मराठीत अशा माणसाला हल्ली 'जागल्या' म्हणतात. रात्री गावाची राखण करणारा तो जागल्या. शब्द मला आवडतो. पण गावचा जागल्या ओरडला की सगळं गाव जागं व्हायचं. कचेरीतला जागल्या ओरडला की आधी चौकशी होते ती त्याचीच.

सत्येंद्र दुबे आठवतात ना? सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावरचे तरुण अभियंते. तिथल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीच्या प्रयत्नातला खून ठरला, घरच्यांना ते पटलं नाही. पण नाव फुटलं होतं, ही गोष्ट राहतेच. त्यानंतर 2004 मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. त्यांचे नियम वाचताना एका बारकाव्यापाशी मी थांबले. तक्रारदाराने नाव लखोट्यावर लिहायचं नाही, आत लिहायचं. आणि मजकुरही असा लिहायचा, की त्यावरून माणूस ओळखू येऊ नये.

हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. माझा भाचा पुण्यात हिशेबतपासनीस आहे, त्याला मी फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नाव खोडणं सोपं गं. पण ही गोष्ट माहीत असणारी माणसं किती, ते मोज आधी."

मग आम्ही एक कल्पित उदाहरण घेतलं. वसतिगृहात रोज 40 लिटर दुधाचं बिल लागतं, येतं 32 लिटर. लिटरला 56 रुपये धरले तर दिवसाला 448, महिन्याला 13,440 रुपये. चिठ्ठी येते : 'सकाळी सहाला दूध मी मोजून घेते, रोज आठ लिटर कमी असतं.' सही नाही. पण सकाळी सहाला दूध मोजणारी बाई एकच! अधीक्षक ही चिठ्ठी हातात नाचवत स्वयंपाकघरात गेले, की संपलं. शिवाय दूधवाल्याशी संगनमत अधीक्षकांचंच असलं तर?

म्हणून पहिलं कलम असं : चिठ्ठी ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे आणि त्याच्या हाताखालच्यांकडे ती जाता कामा नये. चिठ्ठ्या घेणारी माणसं दोन, त्यातलं एक संस्थेबाहेरचं. कोणाबद्दल आहे ते पाहून दोघांपैकी कोणाला द्यायची, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं.

दुसरं कलम भाच्याचं. मूळ चिठ्ठी पुढे पाठवायचीच नाही. घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत टिपण करायचं : 'वसतिगृहाच्या मालाची आवक तपासा.' फक्त दूध तपासलं तर सगळ्यांना कळेल, म्हणून दूध, भाजी, किराणा, गॅस, सगळं आणि दोन्ही वसतिगृहांत, वार्षिक तपासणीच्या नावाखाली. पण कुजबुज सुरू होण्याआधी फाटकावरची आवक वही आणि बिलं यांच्या प्रती काढून घ्यायच्या. नाहीतर वही 'भिजते'. (आमच्या वेळी उंदीर खायचे!)

मुख्याध्यापकांसाठी अर्धं पान वेगळं लिहिलं. कोणी येऊन सांगितलं तर ऐकून घ्या, तारीख घालून टिपा, कुठे आणि कधी पाहिलं ते विचारा. "पुरावा आण मग बोलू" म्हणू नका. पुरावा शोधायला गेलेला माणूसच पकडला जातो. "कोणाला कळणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं तर ते पाळता येणार नाही. चिठ्ठी निनावी असेल तर अक्षर जुळवत बसू नका. 2016 मध्ये बार्कलेज बँकेचे प्रमुख जेस स्टेली यांनी निनावी पत्र कोणी लिहिलं ते शोधायचा प्रयत्न केला, आणि 2018 मध्ये त्यांना 6,42,430 पौंड दंड झाला. सचिवांनी हा आकडा दोनदा वाचला.

सूड मात्र क्वचितच उघड घेतला जातो. पाळी बदलते, रजा नाकारली जाते, गोपनीय अहवालात 'सहकार्य कमी' असा शेरा येतो. म्हणून तीन आणि सहा महिन्यांनी त्या व्यक्तीची पाळी, रजा आणि शेरे आधीच्या वर्षाशी ताडून पाहायचे, असं कलम घातलं. हे काम चिठ्ठी घेणाऱ्यानेच करायचं, कारण नाव त्यालाच माहीत असतं.

एका मुद्द्यावर अजून अडलंय. दक्षता आयोगाच्या त्या व्यवस्थेत निनावी तक्रार घेत नाहीत, आणि सचिव त्याच्यावर बोट ठेवून बसलेत. माझं म्हणणं, तारीख, वस्तू आणि जागा लिहिलेली असेल तर सही नसली तरी तपासावी. दूध मोजायला सही कशाला लागते? निर्णय पुढच्या शनिवारच्या बैठकीत आहे.