टँकर सहाला येऊन गेला

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर पहाटे टँकर येतो आणि बायका चार वाजल्यापासून घागरी लावून बसतात, असं तिथल्या आशाताईंनी सांगितलं होतं. "दादा, साडेपाचला या आणि डोळ्यांनी बघा." मी हो म्हणालो. आदल्या रात्री साडेअकराला एका सभेतली चाळीस सेकंदांची क्लिप तपासायला फोन हातात घेतला. बातमीपुरताच. खाली ठेवला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मधे काय बघितलं विचाराल तर एक बैल, एक बोअर मारायची गाडी आणि कुणीतरी कुणाला तरी दिलेलं सडेतोड उत्तर, एवढंच आठवतं.

गजर वाजला असणार. मी वाडीवर पोचलो नऊ वाजता. रस्त्यावर ओली माती होती, बाकी कुणी नव्हतं. आशाताई म्हणाल्या, "टँकर सहाला येऊन गेला दादा. आता परवा." परवा मला जिल्ह्याला जायचं होतं. बातमी राहिली ती राहिलीच.

स्वतःला शिव्या घालून झाल्या. पण वीस वर्षं पत्रकारिता करतोय, त्यामुळे ही यंत्रणा चालते कशी, हेही शोधावंसं वाटलं. ते तुमच्यापुढे मांडतो.

पेपर वाचताना पान संपतं. शेवटच्या पानावर खेळाच्या बातम्या झाल्या की आपण घडी घालतो. टीव्हीवर मालिका संपली की नावं वर सरकतात आणि कुणीतरी म्हणतं, चला, ताटं घ्या. हे छोटे थांबे असतात. त्या थांब्यावर आपण नकळत ठरवतो, पुढे जायचं की उठायचं. इंटरनेटवरही पूर्वी पानाच्या तळाशी 'पुढील' असं बटण असायचं. आझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरनं 2006 मध्ये ते बटण काढून टाकायची युक्ती तयार केली. आपण तळाशी पोचायच्या आतच पुढचा मजकूर येऊन बसतो. वाचणाऱ्याचा क्लिक वाचावा, हा त्याचा साधा हेतू होता. पुढे त्याचं काय झालं हे बघून त्यानं जाहीरपणे खंत व्यक्त केली.

ऑटोप्ले हे त्याचंच भावंडं. नेटफ्लिक्सनं 2012 मध्ये भाग संपला की उलटी मोजणी करून पुढचा भाग आपोआप सुरू करायला सुरुवात केली. यात प्रश्नच उलटा झाला. आधी बघायचं असेल तर काहीतरी करावं लागायचं, आता बघायचं नसेल तर करावं लागतं. रात्री अकरानंतर, दिवसभर दमलेला माणूस काहीच करत नाही. त्याचं गप्प पडून राहणं हाच होकार धरला जातो.

त्यात पुढे काय येणार हे माहीत नसतं. दहा रील्स भंगार आणि अकरावी झकास. ती अकरावी कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणूनच अंगठा थांबत नाही. दरवेळी चांगलीच आली असती तर आपण लवकर कंटाळलो असतो. आणि जेवढा वेळ आपण तिथं, तेवढ्या जाहिराती दाखवायला जागा.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. 2016 च्या आधी नेटपॅक एमबीत मोजायचो. पॅक संपला की व्हिडिओ संपला, तोही एक थांबाच होता. मग डेटा स्वस्त झाला. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स भारतात हजर. ॲप गेलं, पण अंगठ्याची सवय तशीच राहिली.

आता बंद कसं करायचं. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना स्क्रीनला एकदा टच करा. वरच्या बाजूला प्लेची खूण असलेलं छोटं स्विच दिसेल, ते सरकवलं की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. टीव्हीवरच्या ॲपमध्ये हे वेगळं तपासावं लागतं, बरेच जण फोनवर करतात आणि टीव्ही विसरतात. पहिल्या पानावर सरकवताना व्हिडिओ आपले आपण चालू होतात, ते Settings मधल्या Playback in feeds मध्ये जाऊन Off करा. सगळ्यात जालीम उपाय म्हणजे बघितल्याचा इतिहास, म्हणजे Watch history, बंद करून जुना पुसून टाकणं. मग पहिलं पान जवळपास कोरं होतं, नुसता शोधायचा चौकोन उरतो. जे हवं ते टाइप करा, बघा आणि बाहेर या. मी हेच केलंय. पहिले दोन दिवस घर रिकामं वाटतं.

फेसबुकवर Settings मध्ये Media शोधा आणि Never autoplay videos निवडा. नेटफ्लिक्सचं ब्राउझरवरून, आपल्या प्रोफाइलच्या Playback settings मध्ये होतं.

खरी गोम पुढे आहे. फेसबुकचं ते बटण दाबलं तरी रील्स उघडल्या की चालतातच. आणि न संपणारं स्क्रोल बंद करायचं साधं बटण या मोठ्या ॲप्समध्ये नाही. इन्स्टाग्राममध्ये रोजची मर्यादा लावता येते, पण ती नुसती आठवण करून देते, बाजूला सारता येते. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. अँड्रॉइडवर Digital Wellbeing उघडा, Dashboard मध्ये ॲप निवडा आणि टायमर लावा. आयफोनवर Screen Time मध्ये App Limits आहे.

मी अँड्रॉइडवर रोजची तीस मिनिटं लावली आणि चौथ्याच रात्री पुन्हा दीड वाजला. डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, टायमर मध्यरात्री नव्यानं सुरू होतो! बारापर्यंत जागा असलेल्या माणसाला बाराच्या ठोक्याला ताजी तीस मिनिटं मिळतात, आणि एकदा आत शिरल्यावर टायमर काढून टाकायला दोन टच पुरतात. शेवटी रील्सचं ॲपच फोनवरून काढलं. कामासाठी लागतं तेव्हा ब्राउझरमधून उघडतो आणि काम झालं की लॉग आऊट करतो. दरवेळी पासवर्ड टाकायचा वैताग, हाच माझा नवा थांबा. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असतो आणि गजराचं जुनं घड्याळ उशाशी.

पण सगळा भार बघणाऱ्यावरच का? अमेरिकेत 2019 मध्ये एका सिनेटरनं ऑटोप्ले आणि न संपणाऱ्या स्क्रोलवर बंदी घालणारं विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. आपल्या केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या 13 डिझाइन-युक्त्यांची यादी काढली. खोटी घाई करणं, गुपचूप कार्टमध्ये वस्तू टाकणं असं बरंच त्यात आहे. ऑटोप्ले नाही, न संपणारं स्क्रोलही नाही. 'बंद करायचं बटण द्या आणि ते समोर दिसेल असं द्या', एवढी मागणी आपल्या खासदाराकडे करायला काय हरकत आहे?

आणि एक कबुली. मी ज्या पोर्टलसाठी लिहितो तिथं एक बातमी संपली की खाली दुसरी आपोआप येते. दोन वर्षांपूर्वी डेव्हलपरनं सुचवलं तेव्हा मीही मान डोलावली होती. वाचक जास्त वेळ थांबतात, असा रिपोर्ट यायला लागला तेव्हा पेढेही खाल्ले. गेल्या महिन्यात मालकांना म्हटलं, काढूया का हे? ते म्हणाले, "आधी तेवढ्या जाहिराती आण, मग काढू."

जाहिराती शोधतोय. वाडीवर परवा पहाटे पाचला जाऊन आलो, फोटो उद्या टाकतो.